सामान हललं, निर्णय राहिला: लग्नाआधी एकत्र राहणाऱ्या एका जोडप्याचं प्रकरण

ती 27 वर्षांची, तो 29 वर्षांचा. सव्वा वर्षापासून दोघं एका घरात राहत होती. समुपदेशनाला आली ती मात्र तिच्या वडिलांमुळे. नात्यातल्या कुणाकडून तरी वडिलांच्या कानावर गोष्ट गेली होती आणि त्या दिवसापासून त्यांनी लेकीचा फोन उचललेला नव्हता. आई चोरून बोलायची, पण प्रत्येक फोन रडण्यातच संपायचा. दोघांची मागणी एकच होती: घरच्यांना समजवायचं कसं, तेवढं सांगा.

जोडप्यांसोबत काम करताना ही मागणी माझ्यासमोर सतत येते आणि ती मी लगेच मान्य करत नाही. घरच्यांना नेमकं काय समजवायचं, हे त्या दोघांमध्येच ठरलेलं नसतं, असा अनुभव आहे. इथेही तेच निघालं. (हे कुणा एका खऱ्या जोडप्याचं चित्र नाही. एकाच वळणाने गेलेल्या अनेक जोडप्यांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे, म्हणून नावगाव काहीच दिलेलं नाही.)

घरात राहायला आली कशी

"कधीपासून एकत्र राहता?" या साध्या प्रश्नावर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. त्याने एक महिना सांगितला, तिने त्याच्या चार महिने आधीचा. दोघांचंही आपापल्या परीने खरं होतं. आधी शनिवार-रविवार ती त्याच्याकडे असायची. मग मधल्या वारीही राहायला लागली. मग तिचे ऑफिसचे कपडे तिथे आले, मग औषधांची पिशवी. पुढे तिच्या खोलीचा भाडेकरार संपला. नवीन खोली मिळेपर्यंत इथेच राहा, असं ठरलं आणि नवीन खोली शोधायचा विषय हळूहळू मागे पडला.

हे काही या दोघांपुरतं नाही. वेंडी मॅनिंग आणि पामेला स्मॉक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एकत्र राहिलेल्या तरुणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन 2005 मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्याहून अधिक जणांनी आपण ठरवून एकत्र राहायला लागलो असं सांगितलं नाही, ते होत गेलं असं सांगितलं. डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅनली, गॅलेना ऱ्होड्स आणि हॉवर्ड मार्कमन यांनी 2006 मध्ये हाच मुद्दा पुढे नेला. ठरवून राहणं आणि घसरत घसरत राहायला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते धोका एकत्र राहण्यात नाही. एकत्र राहिल्यावर वेगळं होणं महाग होत जातं, त्यात आहे. भाडं एक, डिपॉझिट एक, सामान एक, मित्र एक. नातं तितकंसं जमत नसतानाही माणसं पुढे जात राहतात, कारण मागे फिरायला जास्त कष्ट पडतात. लग्न करावं की नाही याचा विचार व्हायच्या आधीच लग्न न करण्याचे दोर कापले गेलेले असतात.

म्हणून मी दोघांना वेगवेगळं बसवून तीनच प्रश्नांची उत्तरं लिहून मागते. एकत्र का राहायला लागलात? दोन वर्षांनी काय झालेलं असेल असं वाटतं? उद्या पटेनासं झालं तर या घरातून कोण बाहेर पडेल?

तिने लिहिलं: "आमचं ठरल्यासारखंच होतं. पुढच्या वर्षी लग्न. घर सोडायची वेळ येणार नाही." त्याने लिहिलं: "दोन भाडी भरण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षांनी काय ते आत्ता सांगता येणार नाही, बघू. घर माझ्या नावावर आहे, त्यामुळे तसं झालंच तर तिला दुसरी जागा बघावी लागेल, पण मी मदत करेन."

दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तोही चांगलाच गोरामोरा झाला. त्याने तिला फसवलेलं नव्हतं. लग्नाचं वचन त्याने कधी दिलं नव्हतं आणि तिने कधी मागितलंही नव्हतं. तिच्या लेखी एका घरात राहणं हेच उत्तर होतं, त्याच्या लेखी तो प्रश्न अजून विचारलाच गेला नव्हता. वडिलांशी भांडण सुरू होतं, पण हे भांडण झालंच नव्हतं.

अशी तफावत बाहेरून ओळखायच्या काही खुणा आहेत. दोघांना सुरुवातीची तारीख एकसारखी सांगता येत नाही. भाडेकरारावर एकाचंच नाव असतं आणि पैसे मात्र दोघांचे गेलेले असतात. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती तिसरी खूण: एकाच्याच घरच्यांपासून लपवलेलं असणं. इथे त्याच्या आईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिच्या घरी कुणालाच नव्हतं.

एक भिंत

लपवण्यासाठी तिने काय काय केलं होतं, ते ऐकण्यासारखं आहे. घराच्या एका खोलीत तिने एक भिंत राखून ठेवली होती. जुन्या खोलीतलं कॅलेंडर, तिचं पुस्तकांचं छोटं शेल्फ आणि खुर्ची. घरचा व्हिडिओ कॉल आला की ती तिथे जाऊन बसायची आणि तो तेवढा वेळ स्वयंपाकघरात नळ न सोडता, भांडं न वाजवता थांबायचा. दारावर तिचं नाव नव्हतं. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायची. एकदा ताप चढून दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली, तेव्हा जवळचा नातेवाईक म्हणून तिने मैत्रिणीचं नाव लिहिलं. तो बाहेर बाकावर बसून होता.

सव्वा वर्षं हे निभावलं आणि त्याची किंमत नात्याने मोजली. त्याला वाटायला लागलं की ही मला स्वतःच्या माणसांसमोर मानतच नाही. मग मी तरी लग्नाचा विषय का काढू? तिला वाटायचं, हा लग्नाचं बोलला तर मी घरी ताठ मानेने सांगेन. दोघंही समोरच्याने पहिलं पाऊल टाकावं म्हणून थांबलेली.

लपवण्याचा दुसरा तोटा कायद्याचा आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. भारतात 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने लग्न न करता लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिलं. पण 'लग्नासारखं नातं' कशाला म्हणायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वेलुसामी विरुद्ध पचईअम्मल या निकालात सांगितलं. दोघं लग्नाच्या कायदेशीर वयाची हवीत, लग्नाला दुसरी कायदेशीर अडचण नको, पुरेसा काळ आपखुशीने एकत्र राहिलेली हवीत आणि समाजासमोर जोडप्यासारखी वावरलेली हवीत. या शेवटच्या अटीजवळ तिची ती भिंत आड येते. जगापासून जितकं नीट लपवाल, तितकं उद्या न्यायालयात सिद्ध करणं अवघड.

देशोदेशी हे चित्र बदलतं. स्वीडनमध्ये एकत्र राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाच आहे, सध्याचा 2003 चा. दोघांनी एकत्र राहण्यासाठी घेतलेलं घर आणि घरातलं सामान वेगळं होताना वाटून मिळू शकतं. पण बँकेतली शिल्लक त्यात येत नाही आणि मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराचा वारसाहक्कही नाही. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवरा-बायकोचे हक्क मिळतात, असा समज लोकांमध्ये खोलवर आहे. तसा कायदा तिथे नाही. आणि इंडोनेशियाने 2022 मध्ये मंजूर केलेल्या दंडसंहितेत लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा ठरवला. अविवाहितांच्या बाबतीत तक्रार करायचा अधिकार आईवडिलांना आणि मुलांना दिला. तिथे दोन पिढ्यांमधला मतभेद थेट पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो.

आधी कागद, मग घरचे

त्यामुळे क्रम असा लावला: आधी दोघांमधलं, मग घराचं, मग घरच्यांचं. हा क्रम दोघांनाही आवडला नाही. तिला वडिलांची घाई होती. पण आपल्या दोघांचं काय ठरलंय हे माहीत नसताना वडिलांसमोर जाऊन बसायचं, तर त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला ती गप्प झाली असती. आणि तो पहिला प्रश्न काय असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

घराचं त्यांनी एका पानावर लिहून काढलं. डिपॉझिट निम्मं तिचं, ते करार संपल्यावर तिला परत. फ्रिज आणि गादी तिची, बाकी त्याचं. भाडेकरारावर दोघांची नावं घालून घ्यायची. वेगळं व्हायची वेळ आली, तर जो राहील त्याने दुसऱ्याला दोन महिने जागा शोधायला द्यायचे, त्या काळात भाडं निम्मं-निम्मं. दवाखान्यात एकमेकांचं नाव लिहायचं. असं पान न्यायालयात कितपत टिकेल, हा वेगळा विषय. पण ते लिहिताना ज्या गोष्टी बोलाव्या लागल्या, त्या सव्वा वर्षात एकदाही निघाल्या नव्हत्या.

दोघांमधलं मात्र एका बैठकीत मिटणारं नव्हतं. तो म्हणाला, "मला तिच्याशीच लग्न करायचंय बहुतेक. पण आत्ता नाही. मला कुणी ढकललेलं नकोय." तिचं उत्तर तिथल्या तिथे आलं: "मग मीही ढकलली गेलेली नकोय. सामान इथे आहे म्हणून लग्न, असं मला नको." आणि तिने स्वतःच ठरवलं की काही महिने मैत्रिणीबरोबर वेगळी खोली घ्यायची. नातं तोडून नाही. त्याने याला आधी शिक्षा समजून कडाडून विरोध केला. माझ्या मते त्या सगळ्या काळातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता. बाहेर पडता येतं हे एकदा दिसलं, की आत राहणं हा निर्णय होतो. नाहीतर ती सवय असते.

तीन पिढ्या, पाच मतं

आता घरच्यांकडे. नव्या पिढीला हवंय, जुन्या पिढीला नकोय, अशी सरळ रेघ इथे ओढता येत नव्हती.

त्याची आई एकटीने मुलाला वाढवलेली, अशा वस्तीत राहणारी जिथे शेजारच्या चार घरांत मुलं लग्नाआधी एकत्र राहिलेली. तिचा विरोध नव्हता, उलट आग्रहच होता. "आधी राहून बघा रे, माझ्यासारखं डोळे मिटून उडी मारू नका." तिच्या स्वतःच्या लग्नाचा अनुभव त्यामागे होता, हे उघड आहे. पण 'राहून बघा' या सल्ल्याचीही एक बाजू असते. ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये जोडपी एकत्र का राहतात याचा अभ्यास केला. एकमेकांसोबत जास्त वेळ मिळावा म्हणून राहणारी सर्वाधिक निघाली. नातं तपासून बघायला म्हणून राहणाऱ्यांमध्ये मात्र कडवट बोलणं जास्त आणि नात्यावरचा विश्वास कमी आढळला. यातून कारण आणि परिणाम ठामपणे सांगता येत नाही. ज्यांना आधीपासून शंका असते तेच तपासायला जात असतील. पण या घरात तेच दिसत होतं. आईच्या 'बघा'मुळे मुलाला अनिश्चित राहण्याची मुभा मिळाली होती आणि आपण सतत परीक्षेला बसलोय, असं तिला वाटत होतं.

तिच्या घरी चार माणसांची चार दुखणी होती. बाहेरून सगळ्यांचं वाक्य एकच, "आपल्यात हे चालत नाही." ते वाक्य खरं मानून त्याच्याशी वाद घातला असता तर हाती काही लागलं नसतं. म्हणून तिला सांगितलं, की प्रत्येकाशी वेगळं बोल आणि नेमकी भीती कसली आहे तेवढंच विचार. बाजू मांडू नकोस.

आईला धाकट्या बहिणीच्या लग्नाची काळजी होती. त्यांच्या समाजात स्थळं ओळखीतून येतात, घराण्याची चौकशी होते आणि मोठीचं कळलं की धाकटीचं जमायला अडतं. ही भीती निराधार नव्हती. अशा ठिकाणी 'लोक काय म्हणतील' म्हणजे उद्या दारात स्थळ येणार की नाही, इतका रोखठोक हिशेब असतो. तिला जुनाट म्हणून झटकून टाकणं मला कधीच पटलेलं नाही. ज्या समाजात लग्न दोन माणसांचं असतं आणि ज्या समाजात ते दोन कुळांचं असतं, तिथे एकाच कृतीची किंमत वेगवेगळी माणसं मोजतात.

बहीण 22 वर्षांची, आणि सगळ्यात जास्त चिडलेली तीच होती. पिढीचा हिशेब लावला तर तिने ताईच्या बाजूने असायला हवं. पण तिचं म्हणणं सरळ होतं: "तू तुझं बघितलंस ताई, निस्तरायचं मला."

मोठे काका धर्माचं सांगत होते, आणि त्यांच्या बाबतीत ते मनापासूनचं होतं. लग्नाशिवायचा संसार त्यांच्या श्रद्धेत पाप आहे. इथे तडजोडीला जागा नसते आणि शोधूही नये. आदर ठेवायचा, त्यांच्या घरी गेल्यावर त्यांच्या रीतीने राहायचं आणि त्यांची संमती मिळेल ही अपेक्षा सोडायची, एवढंच हातात असतं.

आणि आजी. सगळ्यांना वाटत होतं की आजीला कळलं तर ती अंथरूणच धरेल. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्या आत्याचं असंच होतं की. पैसे नव्हते, आधी घर मांडलं, लेकरू झाल्यावर विधी केला. पण सगळ्या गावाला माहीत होतं. तू लपवलंस कशाला?"

आजीचं बोलणं अपवाद म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आधी संसार आणि नंतर विधी ही रीत जगात अनेक समाजांत होती आणि आहे. अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ समाजात 'सर्विनाकुय' आहे, राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या गरासिया समाजातही तशी रीत आहे. युरोपातही 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार हवेतच असं ठरवेपर्यंत, दोघांनी खाजगीत दिलेली संमती चर्चच्या लेखी लग्न ठरायला पुरेशी होती. स्कॉटलंडमध्ये तर नवरा-बायको म्हणून राहिलेल्या आणि तशी ओळख असलेल्या जोडप्याला विवाहित मानायची कायदेशीर वाट 2006 पर्यंत खुली होती. म्हणजे जी रीत 'आजोबा-पणजोबांपासूनची' म्हणून सांगितली जाते, ती कित्येकदा मधल्या एखाद-दुसऱ्या पिढीची असते. पण आजीने अचूक बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. तिच्या आत्याचं एकत्र राहणं सगळ्यांच्या साक्षीने होतं. त्याला जबाबदार धरायला माणसं होती. नातीच्या बाबतीत कुणीच साक्षीदार नव्हतं.

वडिलांचा मुद्दा

वडिलांकडे जायच्या आधी मी तिला एकटीला एक प्रश्न विचारला होता, तो इथे सांगायलाच हवा: घरी सांगितल्यावर तुमच्या किंवा त्याच्या जिवाला धोका आहे का? असा प्रश्न विचारला की काही मुली हसतात, काही गप्प होतात. गप्प झालेल्यांच्या बाबतीत 'घरच्यांशी मोकळेपणाने बोला' हा सल्ला घातक आहे. तिथे आधी सुरक्षित जागा, वकील, विश्वासातलं माणूस हे सगळं लागतं, बोलणं फार नंतर. तिच्या घरी अबोला होता, धमकी नव्हती. म्हणून पुढचं शक्य झालं.

वडील आले ते एक लेख घडी करून खिशात घेऊन. लग्नाआधी एकत्र राहिलेल्यांचे घटस्फोट जास्त होतात, हा त्यांचा पुरावा. मुलीने लगेच "ते जुनं झालं बाबा" म्हणून उडवायचा प्रयत्न केला. तिला थांबवलं, कारण वडील अगदीच चूक नव्हते.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या बऱ्याच अभ्यासांत हेच आढळलं होतं. पुढे त्यात दुरुस्त्या होत गेल्या. एरिएल कुपरबर्ग यांनी 2014 मध्ये दाखवलं की लग्नाच्या वयाऐवजी एकत्र राहायला लागल्याचं वय धरलं, तर फरक बराचसा मावळतो. कोवळ्या वयात संसार थाटणाऱ्यांचे संसार मोडतात, मग तो विधी करून थाटलेला असो वा नसो. उलट 2019 मध्ये मायकेल रोझेनफेल्ड आणि कॅथरिना रोस्लर यांनी लिहिलं की पहिल्या वर्षी आधी एकत्र राहिलेल्यांना फायदा दिसतो, पुढच्या वर्षांत मात्र त्यांची लग्नं मोडायचं प्रमाण जास्तच राहतं. वाद मिटलेला नाही.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो आर्ट लीफब्रोअर आणि एडिथ दूर्लाइन यांचा 2006 चा अभ्यास. त्यांनी युरोपातल्या 16 देशांची तुलना केली. जिथे एकत्र राहणारे अगदी थोडे, तिथे त्यांची लग्नं मोडण्याचं प्रमाण सरळ लग्न करणाऱ्यांपेक्षा जास्त. जिथे जवळपास निम्मी जोडपी आधी एकत्र राहतात, तिथे फरक जवळजवळ नाही. आणि जिथे बहुतेक सगळेच एकत्र राहतात, तिथे फरक पुन्हा दिसतो, कारण तिथे सरळ लग्न करणारेच वेगळे, बहुधा अधिक धार्मिक असतात. म्हणजे कृती तीच आणि निकाल भोवतालावर अवलंबून. एकट्यादुकट्याने प्रवाहाविरुद्ध जाणारं जोडपं माहेर-सासरचा आधार गमावतं, अडीअडचणीला कुणी मध्ये पडत नाही आणि तो ताण नात्यावर येतो.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी बोलणं टाकलं, त्यानेही तिचा संसार मोडू शकतो?" प्रश्न त्यांचा होता. उत्तर द्यायची गरज पडली नाही.

मग त्यांचं खरं दुखणं बाहेर आलं. एक, लेक सव्वा वर्षं खोटं बोलली. कॅलेंडरची ती भिंत त्यांना कळली होती आणि एकत्र राहण्यापेक्षा ती जास्त लागली होती. दोन, उद्या त्याने हात झटकले तर हिच्या हातात काय? तिने त्यांच्यासमोर ते लिहिलेलं पान ठेवलं. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. डिपॉझिटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बँकेतून दिलंस की रोख?" रोख दिलं होतं. "मग पावती घे." इतक्या महिन्यांत लेकीशी ते पहिल्यांदा सरळ बोलले होते.

खोटं बोलल्याबद्दल तिने माफी मागितली, एकत्र राहिल्याबद्दल मागितली नाही. हा फरक तिने आधीपासून पक्का केला होता आणि वडिलांनाही तो कळला. दोन्हीची मिळून माफी मागितली जाते, तेव्हा पुढच्या प्रत्येक भांडणात ती परत निघते.

आईवडिलांची मतं मुलांच्या वागण्याने बदलतात का? विल्यम ॲक्सिन आणि आर्लंड थॉर्नटन यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अनेक वर्षांचा माग काढून याचं उत्तर दिलं. आईची मतं मुलांच्या निर्णयावर परिणाम करतात, आणि मूल एकत्र राहायला लागल्यावर आईची मतंही सैल होतात. पण यात काळ जातो आणि रोजचा संबंध टिकलेला असावा लागतो. अबोला धरलेल्या घरात मतं सैल व्हायला वाव कुठून मिळणार?

आत्ता कुठे आहे

ती मैत्रिणीबरोबर वेगळी राहिली. त्या काळात लग्नाचा विषय त्याने काढला, घरात नाही, तिच्या खोलीच्या दारात. दोघांनी तारीख ठरवली ती लग्नाची नाही, उत्तराची: धाकट्या बहिणीचं ठरेपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत हो किंवा नाही. मग ती पुन्हा त्याच्याकडे राहायला गेली, या वेळी भाडेकरारावर दोघांची नावं घालून आणि आईवडिलांना फोन करून. ती भिंत मोडली.

वडील घरी येऊन गेले. चहा घेतला, मुक्काम केला नाही. करणारही नाहीत आणि तिने आग्रह करणं सोडलं आहे. आई समाजात कुणालाच काही सांगत नाही. हे मुलीला अजून खटकतं, पण धाकटीसाठी तिने ते मान्य केलंय. बहिणीशी पूर्ण सूर जुळलेला नाही. काका येत नाहीत. त्याच्या आईशी तिने स्वतः बोलून घेतलं: "काकू, 'बघा' म्हणू नका, मला सारखं मोजलं जातंय असं वाटतं." त्या दुखावल्या, पण म्हणायच्या थांबल्या.

पैशांचं आणि दवाखान्याचं पान दरवर्षी भाडेकरार वाढवताना पुन्हा बघायचं ठरलंय. मूल होण्याचा विषय निघाला तर उत्तराच्या तारखेची वाट न बघता वकिलाकडे जायचं, हे त्यात नव्याने लिहिलंय. आणि एक प्रश्न दोघांनी उघडा ठेवलाय. सहा महिन्यांनंतरचं उत्तर 'नाही' आलं तर वडिलांना कोण सांगणार? तो म्हणतो मी सांगेन. तिला अजून ते पटलेलं नाही.